न पोहोचलेल्या आठवणींबद्दलचं पत्र

स्वतंत्रपणे काम करणारे अनुवादक, डिझायनर, संपादक किंवा छायाचित्रकार यांना काम संपल्यावर आणखी एक काम उरतं, ते म्हणजे बिलाचे पैसे येईपर्यंत पाठपुरावा करणं. हे काम कोणालाच आवडत नाही, म्हणून बहुतेक जण ते आता बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर सोपवतात. बिल तयार करताना एकदाच ठरवून द्यायचं: मुदतीच्या तीन दिवस आधी एक मेल, मुदतीच्या दिवशी दुसरी, आठवड्याने तिसरी. पुढचं सॉफ्टवेअर बघतं. यातला मोठा दिलासा असा, की दर वेळी पैशांसाठी स्वतःच्या हाताने शब्द जुळवावे लागत नाहीत.

पण ही व्यवस्था एका जागी गुपचूप थांबू शकते. क्लायंटचा मेल पत्ता बंद झाला असेल तर पहिलीच आठवण परत येते, सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर ‘बाउन्स’चा शिक्का मारतं आणि पुढच्या सगळ्या आठवणी रोखून धरतं. फ्रीलान्सरला वाटतं, तीन वेळा सांगूनही हे लोक उत्तर देत नाहीत. क्लायंटच्या कानावर मात्र काहीच गेलेलं नसतं. या गैरसमजात लिहिलेलं पत्र चांगला संबंध तोडू शकतं, आणि नीट समजून लिहिलेलं पत्र आठवड्याच्या आत पैसे आणू शकतं. ते पत्र कसं लिहावं, हे एका उदाहरणातून बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातले नियम, तारखा आणि मेलच्या यंत्रणेचं वागणं खरं आहे.

नाशिकच्या एका अनुवादिकेने भोसरीतल्या पंप बनवणाऱ्या कंपनीसाठी वापरपुस्तिकेचा मराठी अनुवाद केला. १० फेब्रुवारी २०२५ला तिने काम सुपूर्द केलं आणि त्याच दिवशी ६०,००० रुपयांचं बिल पाठवलं. कामाच्या ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, की बिल अकाउंट्समधल्या अमुक कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर पाठवावं आणि पैसे ३० दिवसांत मिळतील. म्हणजे मुदत १२ मार्चला संपत होती. बिलाची मेल व्यवस्थित पोहोचली. फेब्रुवारीच्या अखेरीस तो कर्मचारी नोकरी सोडून गेला आणि कंपनीने त्याचा मेलबॉक्स बंद केला. ९ मार्चला सॉफ्टवेअरने पहिली आठवण पाठवली, ती परत आली. १२ मार्चची आणि १९ मार्चची आठवण निघालीच नाही. २४ मार्चच्या सोमवारी तिने बँकेचं खातं तपासलं, पैसे आलेले नव्हते. मग सॉफ्टवेअरमध्ये बिलाचं पान उघडलं, तेव्हा तिला तो शिक्का दिसला.

मधले पंधरा दिवस तिला हे कळलं का नाही? आपण स्वतःच्या जीमेलवरून चुकीच्या पत्त्यावर मेल पाठवली तर काही मिनिटांत ‘पोहोचली नाही’ असं उत्तर आपल्याच इनबॉक्समध्ये येतं. इथे तसं होत नाही. पोस्टातून परत फिरलेलं पाकीट त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या पत्त्यावर जातं. आतल्या पत्राखाली सही कोणाची आहे हे पोस्टमन बघत नाही. मेललाही अशी मागची बाजू असते. तिला `Return-Path` म्हणतात, आणि सॉफ्टवेअरने पाठवलेल्या मेलमध्ये तिथे त्या सॉफ्टवेअरच्या मेल-सेवेचा पत्ता असतो. क्लायंटने ‘रिप्लाय’ केलं तर उत्तर फ्रीलान्सरला मिळतं, कारण `Reply-To` मध्ये तिचा पत्ता असतो. परत येणारी मेल मात्र सेवेकडे जाते. काही सॉफ्टवेअर अशा वेळी वापरणाऱ्याला वेगळी सूचना पाठवतात, काही फक्त बिलाच्या पानावर एक छोटी खूण करतात. त्या पानावर कोणी गेलंच नाही तर ती खूण तशीच पडून राहते.

परत येण्याचं कारण एका ओळीत लिहिलेलं असतं. बिलाच्या इतिहासात ‘डिलिव्हरी’ किंवा ‘इव्हेंट्स’ अशा नावाखाली ती ओळ बहुतेक सॉफ्टवेअर दाखवतात. आपल्या उदाहरणात ती अशी होती:

```
550 5.1.1 The email account that you tried to reach does not exist.
```

ही ओळ वाचता येणं महत्त्वाचं आहे, कारण पत्रात काय लिहायचं हे तिच्यावर ठरतं. सुरुवातीचा आकडा ५ असेल तर नकार कायमचा आहे. तो ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, उदाहरणार्थ समोरचा सर्व्हर व्यग्र आहे किंवा मेलबॉक्स सध्या भरलेला आहे. अशा वेळी पाठवणारी यंत्रणा स्वतःहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि मेलच्या नियमावलीने हे प्रयत्न साधारण चार-पाच दिवस चालू ठेवायला सांगितलं आहे. तेव्हा ४ने सुरू होणारी ओळ दिसली तर लगेच पत्र लिहायची गरज नाही.

पुढच्या तीन आकड्यांच्या गटातला मधला आकडा अडचण कुठे आहे ते सांगतो. 5.1.1 मधला १ पत्त्याबद्दल आहे: असा पत्ता अस्तित्वातच नाही. मधे २ असेल तर पत्ता आहे, पण मेलबॉक्सची काही अडचण आहे. तो भरला असेल किंवा निष्क्रिय केला असेल. मधे ७ असेल, जसं 5.7.1, तर बहुधा पत्ता बरोबर आहे आणि माणूसही तिथेच आहे, पण त्यांच्या सुरक्षेच्या नियमांनी मेल अडवली आहे. हा तिसरा प्रकार वेगळा ओळखायलाच हवा. त्यात क्लायंटला ‘तुमचा पत्ता बंद झाला आहे’ असं लिहिलं तर ते साफ चुकीचं ठरेल, कारण दुरुस्ती पाठवणाऱ्याच्या बाजूला किंवा त्यांच्या आयटी विभागाच्या गाळणीत करावी लागते. आपल्या अनुवादिकेकडे 5.1.1 होतं. त्यामुळे ‘हा पत्ता आता तुमच्याकडे नाही’ असं ती खात्रीने म्हणू शकत होती.

एक मेल परत आली म्हणून सॉफ्टवेअरने पुढच्या सगळ्या का थांबवाव्यात, असा प्रश्न पडतो. कारण व्यावहारिक आहे. मेल स्वीकारणाऱ्या मोठ्या कंपन्या प्रत्येक पाठवणाऱ्याचं वर्तन मोजत असतात. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवर सतत मेल टाकणं हे विकत घेतलेल्या याद्यांवर जाहिराती पाठवणाऱ्यांचं लक्षण मानलं जातं. अ‍ॅमेझॉनची मेल-सेवा आपल्या ग्राहकांना परत येणाऱ्या मेलचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगते. ते ५ टक्क्यांवर गेलं की खात्याची तपासणी सुरू होते आणि १० टक्क्यांवर गेलं तर मेल पाठवणंच रोखलं जाऊ शकतं. बिलिंग सॉफ्टवेअरवर हजारो लोकांची बिलं एकाच वाटेने जात असतात. एका मृत पत्त्यावर मेल आपटत राहिली तर सगळ्यांच्याच मेल स्पॅममध्ये जाण्याचा धोका असतो. म्हणून कायमचा नकार मिळाला की तो पत्ता रोखलेल्या पत्त्यांच्या यादीत टाकला जातो. हे थांबणं योग्यच आहे, असं माझं मत आहे. चूक असते ती थांबल्याची खबर ठळकपणे न देण्यात.

आता पत्राच्या गाभ्याकडे येऊ. या प्रकरणात तीन गोष्टी वेगळ्या आहेत: काम आणि बिल पोहोचलं, आठवणी पोहोचल्या नाहीत, आणि पैशांची मुदत संपली. रागात किंवा संकोचात लिहिताना या तिन्हींची सरमिसळ होते. ‘तीन वेळा कळवूनही उत्तर नाही’ असं लिहिलं तर ते खोटं ठरतं, कारण एकदाही कळवलं गेलेलं नाही. दुसऱ्या टोकाला, ‘आठवण पोहोचली नाही, त्यामुळे मुदत आजपासून धरा’ असं लिहिलं तर आपण स्वतःचाच हक्क सोडून देतो.

बिल मिळालं की नाही, याचं उत्तर भारतीय कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम १३नुसार, समोरच्याने इलेक्ट्रॉनिक संदेश घेण्यासाठी विशिष्ट पत्ता दिला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर संदेश त्या यंत्रणेत शिरतो त्या क्षणी तो मिळाला असं धरलं जातं. तो कोणी उघडला की नाही, हा मुद्दा तिथे येत नाही. १० फेब्रुवारीची बिलाची मेल ऑर्डरमध्ये दिलेल्याच पत्त्यावर गेली आणि त्यांच्या सर्व्हरने ती स्वीकारली. म्हणून ती मिळाली. ९ मार्चची आठवण त्यांच्या सर्व्हरने दारातूनच परत पाठवली. ती यंत्रणेत शिरलीच नाही, म्हणून मिळाली नाही. ज्याचं बिल आहे त्याने दोन्ही वाक्यं तितक्याच स्पष्टपणे लिहावीत.

आणि मुदतीचं काय? तिचा आठवणींशी संबंधच नाही. या अनुवादिकेने उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केलेली होती. ही नोंदणी आधारच्या आधारे, विनाशुल्क होते आणि सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. तिचा उद्यम क्रमांक पहिल्यापासून बिलावर छापलेला होता. २००६च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायद्याचं कलम १५ सांगतं, की अशा सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराला लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायला हवेत, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर सवलत १५ दिवसांचीच. काम मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर सुपूर्द केल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस ठरतो. इथे हरकत आली नव्हती. घड्याळ १० फेब्रुवारीला सुरू झालं आणि ठरलेले ३० दिवस १२ मार्चला संपले. मधे एकही आठवण गेली नसती तरी हेच झालं असतं.

हे माहीत असलं की पत्राचा सूर आपोआप जमतो. आठवणींबद्दल पूर्ण मऊ राहता येतं, कारण त्यात समोरच्याचा काही दोष नाही. आणि तारखेबद्दल ठाम राहता येतं, कारण ती मऊपणामुळे हलत नाही.

पत्र कोणाला लिहायचं, हाही प्रश्न आहे. बंद पत्त्याच्या जागी `accounts@` असा अंदाजाने पत्ता बनवून पाठवू नये. काही कंपन्यांचे सर्व्हर त्यांच्या नावावर येणारी कोणतीही मेल स्वीकारून एका न बघितल्या जाणाऱ्या पेटीत टाकतात. मग मेल परतही येत नाही आणि कोणी वाचतही नाही. ही स्थिती बाउन्सपेक्षा वाईट. ज्या माणसाने काम दिलं आणि घेतलं, त्याच्याशी चालू असलेल्या जुन्या पत्रव्यवहारातच उत्तर म्हणून हे पत्र जावं. आपल्या उदाहरणात तो माणूस म्हणजे प्रशिक्षण विभागाचे व्यवस्थापक. त्यांच्या अखत्यारीत पेमेंट येत नाही, पण अकाउंट्समध्ये कोण बसतं हे त्यांना ठाऊक असतं आणि काम झाल्याचं तेच सांगू शकतात.

अनुवादिकेने पाठवलेलं पत्र असं:

विषय: बिल क्र. ३७, दि. १० फेब्रुवारी २०२५, रु. ६०,०००: स्मरणपत्रे बंद झालेल्या पत्त्यावर गेल्याबाबत

नमस्कार सर,

पंपाच्या वापरपुस्तिकेच्या मराठी अनुवादाचे बिल क्र. ३७ मी १० फेब्रुवारीला, ऑर्डरमध्ये दिलेल्या अकाउंट्सच्या पत्त्यावर पाठवले होते. ती मेल पोहोचली होती. ठरल्याप्रमाणे बिलाची मुदत १२ मार्चला संपली. रक्कम अद्याप जमा झालेली नाही.

आज तपासल्यावर कळले, की तो मेल पत्ता आता बंद आहे. माझ्या बिलिंग सॉफ्टवेअरने ९ मार्चला पाठवलेली आठवण तुमच्या सर्व्हरवरून परत आली आणि त्यानंतरच्या आठवणी सॉफ्टवेअरने आपोआप थांबवल्या. म्हणजे मुदतीबद्दल तुम्हाला किंवा अकाउंट्सला माझ्याकडून काहीही मिळालेले नाही. परत आलेल्या मेलची नोंद सोबत जोडली आहे. तुमच्या आयटी विभागाला ती उपयोगी पडेल.

दोन गोष्टी कळवाव्यात, ही विनंती:

हे बिल अकाउंट्समध्ये नोंदले गेले आहे का, आणि यापुढे बिले कोणत्या पत्त्यावर पाठवावीत?

टीडीएस वजा करून उरणारी रक्कम शुक्रवार, २८ मार्चपर्यंत जमा होऊ शकेल का? ३० तारखेला गुढीपाडवा व रविवार आहे आणि ३१ला रमजान ईदची सुट्टी असेल, म्हणून हा दिवस सुचवते आहे. बिलावर माझा उद्यम क्रमांक आहे. रक्कम ३१ मार्चपूर्वी दिली गेल्यास कंपनीला हा खर्च याच आर्थिक वर्षात धरता येईल, हे अकाउंट्सच्या लक्षात आणून द्यावे.

मूळ बिल पुन्हा जोडले आहे. बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि बँक खाते यांत काहीही बदल केलेला नाही. पडताळणीसाठी, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या माझ्या क्रमांकावर फोन करावा.

आपली,
(सही)

पत्र दोन-अडीचशे शब्दांच्या आत आहे. त्यातल्या काही जागांवर थांबण्यासारखं आहे.

विषयाच्या ओळीत बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम तिघंही आहेत. व्यवस्थापक ही मेल स्वतः सोडवणार नाहीत, पुढे ढकलतील. ज्या अनोळखी व्यक्तीकडे ती जाईल तिला मेल न उघडताही कोणतं बिल ते कळायला हवं. ‘पेमेंटबाबत’ एवढाच विषय असलेली मेल अकाउंट्सच्या गर्दीत हरवते.

‘तुम्हाला माझ्याकडून काहीही मिळालेले नाही’ हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. उशिराबद्दल पत्र आलं की समोरच्याची पहिली प्रतिक्रिया बचावाची असते. या वाक्याने बचावाची गरजच संपते, आणि व्यवस्थापकांना अकाउंट्सकडे जाऊन सांगता येतं, ‘अहो, आपला तो पत्ता बंद झाल्यामुळे हिचं बिल राहून गेलंय, बघा जरा.’ शिवाय हे सौजन्यापोटी लिहिलेलं अर्धसत्य नाही. जे घडलं तेच लिहिलं आहे.

३१ मार्चचा उल्लेख म्हणजे धमकी नव्हे, ती उपयोगाची माहिती आहे. १९६१च्या आयकर कायद्यात २०२३च्या वित्त कायद्याने कलम ४३बी मध्ये (एच) हा भाग घातला आणि तो २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाला. त्यानुसार, सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे कलम १५च्या मुदतीत दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षात वजा करता येतो. १२ मार्चची मुदत चुकलेली असली तरी २८ मार्चला पैसे दिले, तर ते २०२४-२५ मध्येच बसतात. एप्रिलमध्ये दिले तर खर्च पुढच्या वर्षात जातो आणि या वर्षीच्या करपात्र उत्पन्नात तेवढी भर पडते. साठ हजार रुपये कंपनीसाठी किरकोळ असतील, पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्सचे लोक अशीच बिलं शोधत असतात. ही माहिती मात्र नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योग असलेल्यानेच द्यावी. नोंदणी नसेल तर ते वाक्य गाळावं.

व्याजाबद्दल पत्रात एक शब्दही नाही, आणि ते जाणूनबुजून. त्याच कायद्याच्या कलम १६प्रमाणे उशीर झालेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होतं. त्या वेळी बँक दर ६.५० टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर १९.५० टक्के. साठ हजारांवर सोळा दिवसांचं व्याज साधारण पाचशे रुपये होतं. एवढ्यासाठी पहिल्याच पत्रात कायद्याचं कलम काढलं तर मऊपणाने साधलेलं सगळं वाया जातं. हक्क पत्रात न लिहिल्याने नाहीसा होत नाही. दोन पत्रं आणि एक फोन होऊनही पैसे आले नाहीत, तर व्याजासकट दावा सुविधा परिषदेकडे नेता येतो. ती वाट मोकळीच राहते.

इथे सॉफ्टवेअरची एक खोड सांभाळायला हवी. काहींमध्ये ‘मुदत उलटल्यावर विलंब शुल्क लावा’ अशी सोय असते, आणि ती आठवणींपासून स्वतंत्र चालते. आठवणी थांबल्या तरी शुल्क चढत राहतं, आणि पुन्हा जोडलेल्या बिलावर रक्कम ६०,०००च्या जागी ६१,२०० दिसते. ‘काहीही बदल केलेला नाही’ असं लिहिण्याआधी पीडीएफ उघडून रक्कम स्वतःच्या डोळ्यांनी बघावी.

बँक खात्याचं वाक्य सुरक्षेसाठी आहे. ‘आमचा पत्ता बदलला आहे, पैसे त्वरित पाठवा’ अशा मेल हे कंपन्यांना फसवण्याचं नेहमीचं तंत्र आहे. ठग मधेच घुसतात, खऱ्या बिलाची नक्कल करतात आणि फक्त खाते क्रमांक बदलतात. म्हणून पत्ता बदलल्याची चर्चा आणि खातं बदलल्याची चर्चा एकाच पत्रात कधीच करू नये. खरंच खातं बदललं असेल तर ते फोनवर बोलून, वेगळ्या पत्राने कळवावं. पत्रात पैसे भरण्याची लिंकही नसलेली बरी. पडताळणीसाठी ‘तुमच्याकडे असलेल्या क्रमांकावर’ फोन करायला सांगितलं आहे, पत्रातच क्रमांक दिलेला नाही, याचं कारणही हेच: बनावट पत्रात बनावट क्रमांकही असू शकतो.

ही काळजी उलट दिशेनेही घ्यायची असते. पत्रानंतर दोन दिवसांनी ‘मी नवीन अकाउंटंट, बिल मला पाठवा’ अशी मेल अनोळखी पत्त्यावरून आली, तर व्यवस्थापकांना फोन करून ते नाव खरं आहे ना, हे विचारून घ्यावं. बिलावर आपलं पॅन, बँक खातं आणि घरचा पत्ता असतो. फसवणूक होऊन पैसे गेलेच असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवू तितकी ती रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

उत्तर आल्यावर करायची कामं थोडी, पण नेमकी आहेत. नवा पत्ता मिळाला म्हणून नवं बिल बनवू नये. नव्या क्रमांकाचं बिल गेलं तर अकाउंट्समध्ये तेच काम दोनदा नोंदलं जाण्याची भीती असते, आणि नव्या तारखेमुळे मुदतही पुढे सरकल्यासारखी दिसते. जुनंच बिल, त्याच क्रमांकाने आणि त्याच तारखेने, नव्या पत्त्यावर जावं. सॉफ्टवेअरमध्ये पत्ता बदलल्यावर त्या बिलाच्या आठवणी पुन्हा सुरू झाल्या आहेत का, ते त्या बिलाच्या पानावर जाऊन तपासावं. बऱ्याचदा क्लायंटच्या माहितीत पत्ता बदलला तरी आधी तयार झालेल्या बिलांवर जुनाच राहतो. क्लायंटने तोच जुना मेलबॉक्स पुन्हा सुरू केला असेल, तर अडचण वेगळी असते: पत्ता जिवंत झाला तरी सॉफ्टवेअरच्या रोखलेल्या यादीत तो मृतच असतो. तिथून तो काढायची सोय सेटिंग्जमध्ये नसेल, तर सॉफ्टवेअरच्या मदत केंद्राला लिहावं लागतं.

आणि आठवणी पुन्हा सुरू करण्याआधी पुढची कोणती निघणार आहे, तेही बघावं. वेळापत्रकाप्रमाणे ती मुदतीनंतरच्या दुसऱ्या आठवड्याची असेल, तर तिचा मजकूर बहुधा ‘वारंवार कळवूनही’ अशा धाटणीचा असतो. ज्या नव्या अकाउंटंटने बिल काल पहिल्यांदा पाहिलं, त्याला आज ती मेल जाऊ नये. या बिलापुरत्या आठवणी बंद ठेवून, ठरलेल्या शुक्रवारी दुपारी दोन ओळींची साधी मेल हाताने लिहावी: रक्कम निघाली असल्यास बँकेचा संदर्भ क्रमांक कळवावा, म्हणजे मी माझ्याकडे नोंद करून घेईन.